एका स्लाइडवर एक शेर

मुशायऱ्यात गझल वाचणारा कवी शेर एका दमात वाचून टाकत नाही. पहिली ओळ, म्हणजे उला मिसरा, तो म्हणतो आणि थांबतो. बऱ्याचदा तीच ओळ पुन्हा म्हणतो. तेवढ्या वेळात श्रोते ती ओळ मनात धरतात, पुढे काय येईल याचा अंदाज बांधू लागतात, आणि मग दुसरी ओळ, सानी मिसरा, येते. शेवटी रदीफ येते तेव्हा ती कवीच्या बरोबरीने सभागृहही म्हणत असते. शेर पोहोचतो तो या थांबण्यामुळे. छापील पानावर ही सोय नसते. तिथे पाचही शेर एकाखाली एक उभे असतात आणि वाचणाऱ्याची नजर तिसऱ्या शेरावर असतानाच पाचव्याची शेवटची ओळ तिला दिसलेली असते.

इन्स्टाग्रामच्या कॅरोसेलमध्ये पुढचा शेर खरोखरच झाकलेला असतो. वाचणाऱ्याने अंगठ्याने सरकवल्याशिवाय तो दिसत नाही. फेब्रुवारी 2017 मध्ये ही सोय आली. सुरुवातीला एका पोस्टमध्ये दहा चित्रे बसत, ऑगस्ट 2024 पासून वीस बसतात. गझलेला एवढी लागतही नाहीत. पाच-सात शेरांची गझल, एका स्लाइडवर एक शेर, हे माप उत्तम आहे. प्रश्न उरतो तो स्लाइडच्या आतल्या थांब्याचा. दोन मिसऱ्यांमधली कवीची शांतता चित्रात कशी आणायची? ती मोकळ्या जागेने आणायची. ती कशी, हे एक गझल घेऊन पाहू.

उदाहरणासाठी लागणारी गझल मी याच लेखासाठी लिहिली आहे. विषय मोहन्याचा. आंबिवली स्टेशनला उतरून मोहन्याकडे आलात की नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनचा, सगळ्यांच्या तोंडी असलेल्या एनआरसीचा, परिसर लागतो. 1946 मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीचा इथला कारखाना 2009 मध्ये बंद पडला. कामगारांच्या थकलेल्या देण्यांचा प्रश्न पुढे वर्षानुवर्षे लोंबकळत राहिला. शेजारून उल्हास नदी वाहते. एवढी माहिती वाचकाला असेल तर शेर आणखी खोल उतरतील, पण नसेल तरी शेर कळायला हवेत, कारण तुमची पोस्ट पाहणारा माणूस नागपूरचाही असू शकतो.

गझलेचे वृत्त आनंदकंद आहे. लगावली अशी: गागालगा लगागा गागालगा लगागा. रदीफ ‘अजूनी’, आणि तिच्याआधी जागते, मागते, लागते असे काफिये. वृत्ताचा उल्लेख करतो आहे तो मांडणीसाठी. या वृत्तातली ओळ बरोबर मध्यावर दुभागते आणि दोन्ही भाग सारखे असतात. मोबाइलच्या अरुंद पडद्यासाठी ही फार उपयोगाची गोष्ट आहे.

अख्खा मिसरा एका ओळीत बसवायचा म्हटले तर अक्षर इतके लहान करावे लागते की लोकलमध्ये एका हाताने कडी धरून दुसऱ्या हातात फोन धरलेल्या माणसाला ते वाचायला डोळे बारीक करावे लागतात. अक्षर मोठे ठेवले तर ओळ आपोआप कुठेतरी तुटते आणि ‘अजूनी’ एकटीच खाली पडते. गझलेच्या पोस्टमध्ये मला सर्वात जास्त दिसणारी चूक हीच. तेव्हा ओळ ॲपला तोडू देऊ नका, तुम्ही तोडा, आणि वृत्त जिथे श्वास घेते तिथे तोडा. मतला असा दिसेल:

भोंगा मुका, तरीही
ती जागते अजूनी

भोंग्यास वेळ आई
का मागते अजूनी

म्हणजे दोन मिसऱ्यांच्या चार छोट्या ओळी झाल्या. इथेच एक धोका आहे. चार ओळी सारख्या अंतराने ठेवल्या तर वाचणाऱ्याला ती चार ओळींची चारोळी वाटते आणि शेराचा कणाच मोडतो. मिसऱ्याच्या आतले अंतर आणि दोन मिसऱ्यांमधले अंतर यांत ढळढळीत फरक हवा, थोडासा नव्हे.

माप सांगतो. चित्र 1080 रुंद आणि 1350 उंच पिक्सेलचे घ्या. डावी-उजवीकडे प्रत्येकी 120 पिक्सेल मोकळे सोडा, मजकुराला 840 उरतात. अक्षराचा आकार ठरवताना आकड्याच्या मागे लागू नका, कारण वेगवेगळ्या ॲपमध्ये तोच आकडा वेगळा दिसतो. गझलेतली सर्वात लांब छोटी ओळ शोधा, ती 840 मध्ये थोडी जागा राखून बसेल एवढे अक्षर करा आणि तोच आकार सगळ्या स्लाइडवर ठेवा. एखादी ओळ आखूड आहे म्हणून तिचे अक्षर मोठे करायचा मोह होतो. तसे केले की सरकवताना अक्षरे फुगल्या-आकसल्यासारखी दिसतात आणि वाचणाऱ्याचे लक्ष शब्दांवरून उडते.

ओळींमधले अंतर देवनागरीला इंग्रजीपेक्षा जास्त लागते. वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार. खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय. ‘कुटुंबासम’ या शब्दाच्या वर काय आणि खाली काय आहे ते पाहा. अक्षराच्या दीडपट अंतर हे कमीत कमी धरा. मग दोन मिसऱ्यांच्या मध्ये दोन पूर्ण ओळी कोऱ्या सोडा. मोजायचे कसे, तर मजकूर लिहिताना मध्ये दोन ओळी रिकाम्या ठेवायच्या, बस. एका ओळीला अंतरासकट 130 पिक्सेल लागत असतील तर सगळा शेर मिळून सहा ओळींची, म्हणजे 780 पिक्सेलची उंची होते. उरलेल्या 570 पैकी वर साधारण 250 आणि खाली 320 ठेवा. मजकूर मध्यापेक्षा किंचित वर बसला की नजरेला तो स्थिर वाटतो. बरोबर मध्यावर ठेवलेला खाली घसरल्यासारखा दिसतो.

वरच्या उजव्या कोपऱ्यात काही ठेवू नका. तिथे ॲप स्वतः स्लाइडचा आकडा दाखवते. आणि बाजूची 120 पिक्सेलची जागा नुसती शोभेची नाही. जानेवारी 2025 पासून प्रोफाइलच्या जाळीत चौकोनाऐवजी 3:4 मापाची उभी चित्रे दिसतात, म्हणजे आपल्या चित्राच्या दोन्ही कडा तिथे प्रत्येकी चौतीसेक पिक्सेलने कापल्या जातात. मजकूर कडेला चिकटलेला असेल तर मतल्याचे पहिले अक्षरच अर्धे दिसते.

आता रदीफ. मुशायऱ्यात श्रोते रदीफ बरोबरीने म्हणू शकतात, कारण ती कुठे येणार हे त्यांना ठाऊक झालेले असते. पडद्यावर ‘कुठे’ याचा अर्थ खरोखरची जागा. प्रत्येक स्लाइडवर ‘अजूनी’ हा शब्द त्याच ठिकाणी बसला पाहिजे, एका पिक्सेलचाही फरक न पडता. मधोमध ओळी लावल्या तर हे साधत नाही, कारण ओळीच्या लांबीप्रमाणे शब्द इकडे-तिकडे सरकतो. म्हणून मी असे करतो: ओळी डावीकडून लावायच्या, पण जिच्या शेवटी रदीफ आहे ती ओळ उजव्या कडेला टेकवायची. त्यासाठी ती वेगळ्या चौकटीत लिहावी आणि पहिल्या स्लाइडची नक्कल करूनच पुढची स्लाइड बनवावी, म्हणजे चौकट जागची हलत नाही.

यातून एक छान गोष्ट आपोआप घडते. मतल्यात रदीफ दोन्ही मिसऱ्यांत असते, त्यामुळे पहिल्या स्लाइडवर उजव्या कडेला दोन ‘अजूनी’ एकीखाली एक दिसतात. दुसऱ्या स्लाइडवर वरची जागा रिकामी होते आणि खालची राहते. रदीफ म्हणजे काय हे ज्याला कधी कुणी सांगितले नाही, त्यालाही दोन स्लाइडमध्ये डोळ्यांनी कळते की हा शब्द खाली उजवीकडे येणार आहे. तिसऱ्या स्लाइडपासून तो त्याची वाट पाहू लागतो. शिवाय डावीकडून उजवीकडे जाताना नजरेला जो क्षणभर वेळ लागतो, तो काफियाच्या आधी नेमका हवा असलेला थांबा आहे.

दुसरी स्लाइड ही:

झाली किती ठिकाणे,
प्यालो किती नळांचे

ओठांस त्या नदीची
चव लागते अजूनी

हाच शेर दुसरा का, याला कारण आहे. पहिली स्लाइड पाहून कुणी न सरकवता पुढे निघून गेला, तर ॲप काही वेळा त्याला तीच पोस्ट पुन्हा दाखवते आणि तेव्हा दुसरी स्लाइड समोर ठेवते. म्हणजे काही वाचकांसाठी दुसरा शेर हाच पहिला असतो. तो मतल्याच्या आधाराविना उभा राहिला पाहिजे. नदीचा शेर तसा आहे. त्याला कारखाना माहीत असण्याची गरज नाही. गाव सोडून भाड्याच्या घरांतून फिरलेल्या कुणालाही तो आपला वाटेल.

सुरेश भटांनी ‘गझलेची बाराखडी’ लिहून नवोदितांना जे शिकवले त्याचा गाभाच हा की शेर ही दोन ओळींची स्वतंत्र कविता असते आणि अशा किमान पाच कवितांची बांधणी म्हणजे गझल. कॅरोसेलला याहून सोयीचा काव्यप्रकार नाही. याच कारणाने सलग कवितेचे दोन-दोन ओळींचे तुकडे करून स्लाइडवर टाकणे मला पटत नाही. तिथे वाक्य दोन स्लाइडमध्ये लोंबकळते आणि मधलीच स्लाइड समोर आलेल्या माणसाला काही बोध होत नाही. सलग कविता असेल तर कडव्यागणिक स्लाइड करा, दोन ओळींचा हट्ट धरू नका.

मिसऱ्यागणिक स्लाइड करण्याची कल्पनाही पुष्कळांना सुचते: उला एका स्लाइडवर, सानी पुढच्या. उत्कंठा वाढेल असे वाटते. प्रत्यक्षात सरकवण्याची क्रिया म्हणजे ‘हे संपले, पुढचे दाखव’ असा हाताचा निर्णय असतो. शेराच्या मध्यावर तो घ्यायला लावला की उला मिसरा नजरेआड जातो, आणि सानी वाचताना तो समोर नसतो. दोन ओळींमधला ताण दोन्ही दिसत असतानाच जाणवतो. नदीच्या शेरात ‘नळांचे’ आणि ‘नदीची’ एकाच पानावर दिसायला हवेत. थांबा स्लाइडच्या आतच ठेवा.

क्रमाचा विचार इथेच थांबत नाही. गझलेत मतला सोडला तर शेरांचा क्रम कवीच्या हातात असतो, आणि छापताना आपण त्याकडे फार लक्ष देत नाही. कॅरोसेलमध्ये क्रम म्हणजेच लय. तिसरी स्लाइड:

पाटी गळून गेली,
नावे पुसून गेली

वस्ती जुनी
कुटुंबासम वागते अजूनी

इथे मी ओळ वृत्ताच्या मध्यावर तोडलेली नाही. मध्य ‘कुटुंबा’ आणि ‘सम’ यांच्यामध्ये येतो. तिथे तोडले असते तर ‘कुटुंबा’ वर आणि ‘सम वागते अजूनी’ खाली आले असते, म्हणजे शब्दाचीच दोन शकले झाली असती. यती शब्दाच्या पोटात येतो तेव्हा अर्थाचे ऐका. ‘वस्ती जुनी’ एवढी आखूड ओळ पुढे पुष्कळ मोकळी जागा सोडते आणि मग लांब ओळ येते. तीच या गझलेतली सर्वात लांब छोटी ओळ आहे. अक्षराचा आकार मी तिच्यावरूनच ठरवला.

चौथी:

भट्टी निवून सारे
आभाळ शुभ्र झाले

छातीस आच आतुन
ती डागते अजूनी

आणि पाचवी:

आता मिळेल बाकी,
बाबा म्हणून गेले

आशेवरी घराचे
त्या भागते अजूनी

थकबाकीचा शेर शेवटी ठेवला, कारण त्याला आधीच्या चारांची तयारी लागते. भोंगा, पाटी, भट्टी येऊन गेल्यावर ‘बाकी’ कसली हे सांगावे लागत नाही. दुसरे कारण ‘गेले’ या शब्दाचे. तिसऱ्या शेरात ‘गेली’ दोनदा येते आणि तिथे ती साधी आहे. पाचव्यात ‘म्हणून गेले’ वाचताना आधी ते बोलणे वाटते, आणि मग दोन कोऱ्या ओळींच्या जागेत हळूहळू लक्षात येते की बाबा आता नाहीत. तिसरा आणि पाचवा शेर लागोपाठ ठेवले असते तर ‘गेली, गेली, गेले’ हे नुसते यमक झाले असते. मध्ये भट्टीचा शेर आल्यामुळे प्रतिध्वनी दूरवरून येतो. या शेराला मोकळी जागा थोडी जास्त द्यावी का, असा प्रश्न पडेल. देऊ नये. चार स्लाइडमध्ये डोळ्याला एका अंतराची सवय झालेली असते, ते पाचव्यात बदलले की मांडणी स्वतःकडे लक्ष वेधते. शेरात ताकद असेल तर तेच अंतर पुरते.

चौथ्या-पाचव्या शेरांमध्ये एक पूर्ण कोरी स्लाइड ठेवावी असेही वाटते. मुशायऱ्यातल्या लांब शांततेसारखी. कागदावर कल्पना चांगली आहे, पण शहाड-आंबिवलीदरम्यान नेटवर्क गेलेल्या फोनवर कोरी स्लाइड म्हणजे न उघडलेले चित्र. माणूस थांबतो, पण चक्र फिरण्याची वाट पाहत, आणि मग कंटाळून निघून जातो. थांबा हवाच असेल तर त्या स्लाइडवर काहीतरी खूण असू द्या, पानाच्या पार्श्वभूमीहून किंचित गडद एक बारीक रेघ पुरे.

शेवटची, सहावी स्लाइड कवीच्या नावाची. पण नाव तिथेच ठेवून भागत नाही. शेर स्वतंत्र असल्यामुळे तो एकटाच प्रवास करतो. लोक एका स्लाइडचा स्क्रीनशॉट काढून व्हॉट्सॲपवर पाठवतात आणि दोन दिवसांत तो निनावी होतो. म्हणून प्रत्येक स्लाइडच्या तळाशी, डावीकडे, शेराच्या अक्षराच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढ्या अक्षरात, फिकट रंगात नाव लिहा. शेर आणि नाव यांत पुरेसे अंतर राहील असे पाहा, नाहीतर ते शेराची पाचवी ओळ असल्यासारखे वाचले जाते.

पार्श्वभूमीला पांढराशुभ्र रंग घेऊ नका. पुष्कळांचे ॲप काळ्या पडद्यावर चालते. तिथे पांढरी स्लाइड रात्री डोळ्यांवर येते. #F6F1E7 सारखा दुधाळ रंग आणि अक्षराला #222222 घेतले तर वाचायला सुखकर होते. सगळ्या स्लाइडना तीच पार्श्वभूमी असू द्या. कारखान्याच्या बंद गेटचा फोटो मागे लावण्याची इच्छा होईल, खास करून अशा गझलेला. तो लावला की वाचणारा गेट पाहतो. ‘पाटी गळून गेली’ वाचताना त्याच्या मनात त्याच्याच गल्लीतली पाटी यायला हवी, आणि ती यायला जागा मोकळी हवी. संगीतही जोडू नका. गाण्याची स्वतःची चाल असते, आणि आपण इतक्या मेहनतीने ठरवलेला थांबा ती चाल खाऊन टाकते.

फॉन्टबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण मराठीत इथेच सर्वात जास्त घोटाळे होतात. अक्षरांमधले अंतर नेहमी शून्य ठेवा. इंग्रजी मांडणीत अक्षरे सुटी करून भारदस्तपणा आणतात. देवनागरीत तसे केले की शिरोरेषा तुटते आणि शब्द विस्कटतो. तयार टेम्प्लेट वापरलीत तर हे अंतर आधीच वाढवून ठेवलेले असते, म्हणून मजकूर टाकल्यावर ते मुद्दाम तपासा. शिरोरेषेत बारीक फटी दिसल्या की कारण हेच. दोन्ही कडा सरळ करणारी मांडणीही बंद ठेवा, ती शब्दांमध्ये भलत्याच भेगा पाडते.

मराठीचा ल आणि श हिंदीतल्याहून वेगळ्या वळणाचे असतात. अनेक फॉन्टमध्ये मराठी वळण असते, पण मजकुराची भाषा मराठी आहे असे ॲपला सांगितल्याशिवाय ते दिसत नाही, आणि मोबाइलवरच्या चित्र बनवण्याच्या ॲपमध्ये ती सोय क्वचितच असते. Tiro Devanagari Marathi या फॉन्टमध्ये मराठी वळण मूळचेच आहे आणि तो गूगल फॉन्ट्सवर मोफत मिळतो. त्याचे पायही कवितेला शोभणारे आहेत. सरळ, बिनपायाचे अक्षर हवे असेल तर Mukta घ्या. निवडलेला फॉन्ट तपासायला आपल्या गझलेतले ‘आशेवरी’, ‘झाली’, ‘शुभ्र’, ‘भोंग्यास’ हे शब्द लिहून पाहा. ल-श बरोबर आहेत का, भ्र जुळतो का, ग्या नीट जोडला जातो का हे लगेच कळते. तुमच्या गझलेत ‘साऱ्या’, ‘वाऱ्यावर’ असे शब्द असतील तर त्यातला अर्धा र न चुकता तपासा. तो बिघडून ऱ्याच्या जागी रफार आला की शब्दच बदलतो. चित्र जतन करताना PNG निवडा. ॲप ते पुन्हा दाबून लहान करतेच, पण मुळात स्वच्छ दिलेल्या अक्षराच्या कडा जास्त टिकतात.

विरामचिन्हे कमीत कमी. ओळ तोडल्यावर स्वल्पविराम बहुतेक ठिकाणी नकोसाच होतो. ‘झाली किती ठिकाणे,’ इथे मी तो ठेवला कारण दोन वेगळी वाक्ये आहेत; ‘भट्टी निवून सारे’ नंतर ठेवला नाही कारण वाक्य पुढच्या ओळीत जाते. तीन टिंबे कुठेही देऊ नका. जो थांबा जागेने दिला आहे तोच चिन्हाने पुन्हा देणे म्हणजे वाचणाऱ्यावर अविश्वास.

आता तपासणी. सहाही चित्रे फोनमध्ये क्रमाने ठेवा आणि गझल आधी न वाचलेल्या कुणाच्या तरी हातात फोन द्या. मोठ्याने वाचायला सांगा, बाकी काही सांगू नका. तुम्ही फक्त ऐका आणि अंगठ्याकडे पाहा. उल्याकडून सानीकडे वाचणारा न थांबता गेला तर मधले अंतर कमी आहे. उला वाचून अंगठा सरकवायला निघाला तर अंतर जास्त झाले आहे, सानी त्याला शेराचा भाग वाटलाच नाही. अशा वेळी दोनऐवजी दीड ओळ कोरी ठेवून पाहा. मिसऱ्याच्या मध्ये, म्हणजे ‘भोंगा मुका, तरीही’ नंतर, तो ओळ संपल्यासारखा थांबला तर ओळींमधले अंतर फाजील मोठे आहे. आणि तिसऱ्या किंवा चौथ्या स्लाइडवर ‘अजूनी’ म्हणताना त्याचा आवाज डोळ्यांच्या आधीच शब्दाकडे पोहोचला, तर रदीफेची जागा बरोबर साधली आहे.

हे पोस्ट टाकण्याआधीच करायला हवे. टाकलेल्या कॅरोसेलमधून एखादी स्लाइड काढून टाकता येते, पण तिच्या जागी दुरुस्त केलेले चित्र घालता येत नाही. ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक राहिली तर सगळी पोस्ट काढून नव्याने टाकावी लागते आणि आलेल्या प्रतिक्रिया जातात. आणखी एक, पहिल्या चित्राचे जे माप असेल त्याच मापात बाकीची चित्रे कापली जातात, म्हणून एखादी स्लाइड चौकोनी आणि बाकीच्या उभ्या असे करू नका.

कॅप्शनमध्ये संपूर्ण गझल साध्या मजकुरात लिहा, शेरांमध्ये एक-एक ओळ मोकळी सोडून. चित्रातली अक्षरे शोधून सापडत नाहीत आणि दृष्टिहीन वाचकांच्या फोनला ती नीट वाचून दाखवता येतीलच असेही नाही. त्यांच्यासाठी प्रत्येक स्लाइडला पर्यायी मजकूर जोडण्याची सोय पोस्ट करतानाच्या प्रगत सेटिंगमध्ये आहे. तिथे ‘दुधाळ पार्श्वभूमीवर कविता’ असे लिहू नका, शेरच लिहा. मिसरे दोन वेगळ्या वाक्यांत, मध्ये पूर्णविराम देऊन, म्हणजे फोनचा आवाजही पहिल्या मिसऱ्यानंतर थांबेल. इथे ओळ मध्यावर तोडायची नाही. ‘भोंगा मुका, तरीही ती जागते अजूनी. भोंग्यास वेळ आई का मागते अजूनी.’ असे सलग लिहायचे.